काटा १५ वर आला की टायमर लावा

टाके घालणे, गळू कापणे, जखमेचे ड्रेसिंग बदलणे अशी कामे चालणाऱ्या छोट्या दवाखान्यात मागच्या खोलीत बहुधा एक उभा ऑटोक्लेव्ह असतो. एखाद्या दांडग्या कुकरसारखे ते यंत्र: तळाशी पाणी, वर जाळीची टोपली, झाकणावर दाबाचा काटा आणि वाफ सोडायचा कॉक. ते चालवतात मावशी. त्याच केस पेपर शोधतात, फरशी पुसतात, पेशंटला आत सोडतात आणि फोनही घेतात. भिंतीवर किंवा कपाटातल्या फाइलमध्ये ‘संसर्ग नियंत्रण नियमावली’ नावाचे काही पाने भरणारे दस्तऐवज असते. बहुतेक वेळा ते तपासणीला येणाऱ्यांसाठी लिहिलेले असते, मावशींसाठी नव्हे.

त्यातले एक नमुनेदार वाक्य असे असते: ‘वापरलेल्या सर्व उपकरणांची योग्य प्रकारे स्वच्छता करून ती मानक पद्धतीनुसार निर्जंतुक करण्यात यावीत व नोंद ठेवण्यात यावी.’ वाक्यात चूक काहीच नाही. पण ‘योग्य प्रकारे’ म्हणजे कसे, हेच तर मावशींना हवे आहे. ‘मानक पद्धत’ कोणती, हेही. आणि ‘करण्यात यावीत’ म्हटले की ते कोणी करायचे हा प्रश्न उरतोच. असे वाक्य वाचून कोणी चुकीचे काम केले, तर ते चुकीचे आहे हे वाक्यावरून दाखवताही येत नाही.

यातले जे काम सर्वांत जास्त बिघडते, तिथून सुरुवात करू. ऑटोक्लेव्ह जंतू मारतो तो दाबाने नव्हे, दाबाखालच्या वाफेच्या उष्णतेने. भांड्यात फक्त वाफ असेल आणि काटा १५ पौंडांवर असेल, तर आतले तापमान सुमारे १२१ अंश सेल्सिअस असते. चिवट बीजाणू, म्हणजे जंतूंची कवचबंद रूपे, मारायला एवढी उष्णता लागते. पण झाकण लावताना भांडे हवेने भरलेले असते. ती हवा बाहेर न काढताच कॉक बंद केला, तरी काटा १५ वर जातोच, कारण हवाही दाब देते. तापमान मात्र तिथवर पोहोचत नाही. निम्मी हवा आत राहिली, तर त्याच १५ पौंडांना सुमारे ११२ अंश मिळतात. हवा अजिबात काढली नाही, तर जेमतेम १००. काटा तोच, वेळ तीच, कापडी पुड्या तशाच गरम. आतली कात्री मात्र निर्जंतुक झालेली नाही. पाहणाऱ्याला काहीच कळत नाही.

म्हणून ‘हवा काढून टाकावी’ एवढे लिहून भागत नाही. हवा दिसत नाही. ती गेली हे कशावरून ओळखायचे, ते लिहावे लागते. कॉक उघडा ठेवला की आधी फुसफुसत, तुटक तुटक हवा येते, मग तिच्यात वाफ मिसळते आणि शेवटी वाफेचा सलग, जोराचा झोत सुरू होतो. तो सुरू झाल्यावर पाच मिनिटे जाऊ द्यायची आणि मग कॉक बंद करायचा. ही खूण कानाला ऐकू येते, डोळ्यांना दिसते. चांगल्या कृतीपत्रातल्या प्रत्येक क्रमांकाला अशी खूण असते, आणि ती कामाच्या आधी लिहिलेली असते: अमुक झाले की तमुक करा. मावशी फोनवर असतानाही खूण त्यांना बोलावते.

वेळेचे तसेच आहे. ‘३० मिनिटे ऑटोक्लेव्ह करा’ असे लिहिले, तर बटण दाबल्यापासून मोजणारे निम्मे निघतील. पाणी तापून काटा १५ वर यायलाच बराच वेळ जातो. तो वेळ मोजणीत धरला, तर खऱ्या उष्णतेत संच दहा मिनिटेही राहत नाही. कापडात बांधलेल्या संचाला १२१ अंशांत पूर्ण ३० मिनिटे हवीत आणि घड्याळ काटा १५ वर आल्यावर सुरू व्हायला हवे. मग आपल्याकडचा प्रश्न येतो: मध्येच लाइट गेली तर? छापील नियमावल्यांत हे सहसा नसते. पत्रकात ते असलेच पाहिजे आणि उत्तर एकच असले पाहिजे. दाब उतरला की झालेली मिनिटे जमेस धरायची नाहीत, पुन्हा पूर्ण ३०. ‘परिस्थितीनुसार निर्णय घ्यावा’ असे लिहिले, की दिवसभर दमलेला माणूस घरी जाण्याच्या बाजूने निर्णय घेतो. त्यात त्याचा दोष नाही.

हे सगळे धरून यंत्राशेजारी लावायचा कागद साधारण असा होतो:

१. जाड रबरी हातमोजे, चष्मा आणि प्लॅस्टिकचा एप्रन घाला.
२. कात्री आणि चिमटे पूर्ण उघडा. साबणाच्या पाण्यात बुडवून, पाण्याखालीच ब्रशने घासा.
३. स्वच्छ पाण्यात धुवा, कोरडे करा, उजेडात सांधे पाहा. डाग दिसला तर पुन्हा २.
४. संच दुहेरी कापडात बांधा. आत तपासपट्टी ठेवा, बाहेर टेप लावा, टेपवर आजची तारीख लिहा.
५. भांड्यात खुणेपर्यंत पाणी भरा. पुड्या सैल रचा. दोन पुड्यांत बोट गेले पाहिजे.
६. झाकण घट्ट करा. कॉक उघडा ठेवून यंत्र सुरू करा.
७. वाफ सलग, जोरात येऊ लागली की ५ मिनिटे थांबा. मग कॉक बंद करा.
८. काटा १५ वर आला की टायमर ३० मिनिटांवर लावा. मध्ये काटा खाली आला तर पुन्हा पूर्ण ३०.
९. टायमर वाजला की यंत्र बंद करा. काटा शून्यावर आला की कॉक उघडा, मग झाकण किंचित सरकवा. पुड्या कोरड्या होईपर्यंत हात लावू नका.

दुसऱ्या क्रमांकात ‘पाण्याखालीच’ हा शब्द उगाच आलेला नाही. नळाच्या धारेखाली ब्रश मारला, की रक्ताचे तुषार चेहऱ्यावर उडतात. आणि घासणे टाळून चालत नाही, कारण वाळलेल्या रक्ताच्या थराखाली वाफ पोहोचत नाही. नवव्यातला कोरडे होण्याचा आग्रहही तसाच: ओल्या कापडातून बाहेरचे जंतू आत झिरपतात, म्हणजे आधीची सगळी मेहनत फुकट. पण ही कारणे कागदावर नकोत. ती एकदा समोर बसून, यंत्र चालू असताना सांगायची. कारण कळलेला माणूस पायरी गाळत नाही हे खरे, पण कारणांनी भरलेला कागद कोणी वाचत नाही, हेही तितकेच खरे.

एका क्रमांकात एकच क्रियापद असावे असा एक कडक नियम सांगितला जातो. मला तो पटत नाही. तसे केले तर वरच्या नऊ ओळींच्या वीस-पंचवीस होतील. एका जागी उभे राहून, एका दमात होते तेवढे काम एका क्रमांकात यावे. जागा बदलली किंवा वाट पाहावी लागली, की नवा क्रमांक.

दहावी पायरी इथे मुद्दामच नाही. पुडीवरच्या टेपवर गरम झाल्यावर काळे पट्टे उमटतात आणि ते पाहून सगळे निश्चिंत होतात. ते पट्टे एवढेच सांगतात, की ही पुडी ऑटोक्लेव्हमधून गेली आहे. आत वाफ पोहोचली का, पुरेसा वेळ टिकली का, हे सांगते ती आत ठेवलेली तपासपट्टी. तीही वेळ, वाफ आणि तापमान तिन्ही पाहणारी हवी. ती दिसते पुडी उघडल्यावर, म्हणजे ड्रेसिंगच्या ट्रॉलीपाशी, सिस्टरच्या हातात. म्हणून ‘पुडी उघडली की आधी पट्टी पाहा, ती नीट बदलली नसेल तर संच वापरू नका, डॉक्टरांना सांगा’ ही ओळ ट्रॉलीवर चिकटवायची. मावशींच्या कागदावर ती लिहिली, तर मावशी ती करू शकत नाहीत आणि सिस्टर ती वाचत नाही. यापलीकडे आठवड्यातून एकदा यंत्राचीच परीक्षा घ्यावी लागते, जिवंत बीजाणूंची कुपी आत ठेवून. तिचे वेळापत्रक डॉक्टरांच्या टेबलावर.

कागद तयार झाला की लिहिणाऱ्याने तो समजावून सांगू नये. मावशींच्या हातात द्यावा, त्या काम करत असताना गप्प उभे राहावे. जिथे त्या थांबून वर बघतात, ती ओळ बदलायची. ‘खुणेपर्यंत’ म्हटले आणि भांड्यात खूणच पुसलेली आहे, हे असेच कळते. ‘काटा १५ वर’ लिहिले आणि काट्याच्या तबकडीवर आकड्यांच्या दोन रांगा आहेत, एक पौंडांची आणि एक किलोंची, हेही तसेच. मग तबकडीवर लाल रेघ मारायची आणि कागदात ‘काटा लाल रेघेवर’ लिहायचे. खाली तारीख टाकायची आणि जुना कागद फाडून टाकायचा. भिंतीवर दोन वेगवेगळे कागद असणे एकही नसण्याहून वाईट.

अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी २००१ मध्ये अतिदक्षता विभागासाठी पाच ओळींची यादी केली होती. मोठ्या रक्तवाहिनीत नळी घालताना हात धुवा, क्लोरहेक्सिडिनने त्वचा पुसा अशा, सर्व डॉक्टरांना पाठ असलेल्या गोष्टी. आधी महिनाभर नर्सना नुसती नोंद ठेवायला सांगितली, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त रुग्णांच्या बाबतीत निदान एक पायरी गाळली जात असल्याचे दिसले. मग पायरी गाळणाऱ्या डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार नर्सना दिला गेला, आणि लागणारे सगळे सामान एका गाडीवर एकत्र ठेवले गेले. नळीमुळे होणारे संसर्ग झपाट्याने घटले. या कथेतली पाच ओळींची यादी सगळे उचलतात. नर्सचा अधिकार आणि सामानाची गाडी मागे राहते. आपल्या दवाखान्यात त्याचा अर्थ असा, की पट्टी बदललेली नसताना सिस्टरने ‘सर, हा संच नको’ म्हटले, तर सरांनी पेशंटसमोर तो बाजूला ठेवला पाहिजे.

आणि सामानाचा हिशेब मांडला पाहिजे. पाणी तापणे, पाच मिनिटे वाफ सोडणे, ३० मिनिटे, दाब उतरणे, पुड्या सुकणे असे धरले तर एका फेरीला दीड ते दोन तास जातात. संध्याकाळी सहा ते नऊ दवाखाना, बारा ड्रेसिंग आणि संच चारच असतील, तर आठव्या पेशंटपर्यंत कोणीतरी सातवी किंवा आठवी पायरी गाळणार. कागद कितीही नेमका लिहिला, तरी. अशा दवाखान्यात नवा कागद लावण्याआधी डॉक्टरांनी आणखी आठ संच विकत घ्यावेत.