वायव्य कोपऱ्यातून सुटलेले ट्रक

शंभर ट्रक कांद्याचा हिशेब घेऊ. लासलगावला ३०, चाकणला ४० आणि लोणंदला ३० ट्रक भरून उभे आहेत. मुंबईला ५०, पुण्याला ३० आणि कोल्हापूरला २० ट्रक हवेत. एका ट्रकचं भाडं, हजार रुपयांत, मी उदाहरणापुरतं असं धरलं आहे:

| | मुंबई | पुणे | कोल्हापूर |
|---|---|---|---|
| लासलगाव | ९ | १० | १८ |
| चाकण | ६ | २ | ११ |
| लोणंद | १० | ४ | ७ |

अमेरिकन गणितज्ञ फ्रँक हिचकॉक यांनी १९४१ मध्ये याच धर्तीचा प्रश्न मांडला. तो सोडवायला आधी एक चालणारी वाटणी हाती लागते. मग ती सुधारत न्यायची.

पहिली वाटणी काढायची सर्वांत सोपी रीत म्हणजे वायव्य कोपरा पद्धत. नकाशात वायव्य दिशा वर डावीकडे येते, म्हणून कोष्टकाच्या त्याच घरापासून सुरुवात करायची आणि भाड्याकडे बघायचंही नाही. लासलगावचे ३० ट्रक मुंबईला गेले. मुंबईचे उरलेले २० चाकणने भरले, चाकणचे शिल्लक २० पुण्याला. पुण्याला कमी पडलेले १० लोणंदचे आणि लोणंदचे बाकी २० कोल्हापूरला. खर्च सहा लाख दहा हजार.

किमान खर्च पद्धत डोळस आहे. सगळ्यांत स्वस्त घर आधी भरायचं: चाकण-पुणे, ३० ट्रक. पुण्याची गरज संपली. मग चाकण-मुंबई १०, लोणंद-कोल्हापूर २०, लासलगाव-मुंबई ३० आणि शेवटी नाइलाजाने लोणंद-मुंबई १०. खर्च सहा लाख तीस हजार!

डोळस पद्धत आंधळीपेक्षा महाग पडली, कारण दोन हजारांच्या मोहात चाकणचे ट्रक पुण्याला संपले आणि लोणंदला मुंबई गाठावी लागली. त्यातले १० ट्रक पुण्याकडे वळवून चाकणचे तितकेच मुंबईला पाठवले, तर ट्रकमागे दोन हजार वाचतात आणि आकडा सहा लाख दहा हजारांवर येतो. याहून स्वस्त वाटणी इथे नाही.

मग वायव्य कोपराच बरा? छे, तो नशिबाने जिंकला. कोल्हापूरचा रकाना आधी लिहा, मग मुंबई, मग पुणे. आता लासलगावचे २० ट्रक कोल्हापूरला, १० मुंबईला, चाकणचे ४० मुंबईला आणि लोणंदचे ३० पुण्याला जातात. खर्च आठ लाख दहा हजार. माल तोच, भाडं तेच; फक्त रकान्यांचा क्रम बदलला. किमान खर्च पद्धतीला या क्रमाने फरक पडत नाही, आणि एरवी बहुतेकदा तीच स्वस्त सुरुवात देते.

या तिसऱ्या वाटणीत आणखी एक खोच आहे. भरलेली घरं चारच. तीन ओळी, तीन रकाने, वजा एक, अशी पाच हवीत. चाकणचा माल आणि मुंबईची मागणी एकदमच संपली, म्हणून एक घर कमी पडलं. अशा वेळी चाकण-पुणे या घरात शून्य ट्रक लिहून ते भरलेलं धरतात. तसं केलं नाही, तर पुढची सुधारणेची आकडेमोड तिथेच अडते.