पगाराबरोबर वाढणारा हप्ता

भविष्य निर्वाह निधीची 12 टक्के कपात पूर्ण मूळ वेतनावर होत असेल, तर पगार वाढला की ती आपोआप वाढते. म्युच्युअल फंडातल्या एसआयपीचे तसे नाही. पाच वर्षांपूर्वी ठरवलेला हप्ता कोणी बदलला नाही तर तेवढाच राहतो. दरवर्षी तो ठरावीक टक्क्यांनी वाढवण्याच्या सोयीला टॉप-अप किंवा स्टेप-अप एसआयपी म्हणतात.

समजा, मुलीच्या उच्च शिक्षणाचा आजचा खर्च 25 लाख रुपये आहे आणि तो 15 वर्षांनी करायचा आहे. खर्च वर्षाला 8 टक्क्यांनी वाढला, तर तेव्हा सुमारे 79 लाख लागतील. दरमहा एक टक्का परतावा धरला (हे केवळ गृहीतक, हमी नव्हे), तर कायम एकच हप्ता ठेवणाऱ्याला महिना साधारण 15,700 रुपये भरावे लागतात. दरवर्षी हप्ता 10 टक्क्यांनी वाढवणाऱ्याला मात्र 9,100 रुपयांपासून सुरुवात करता येते. हातात 60,000 रुपये पगार येणाऱ्या घरात हा फरक मोठा आहे.

पण ही सवलत उधारीची आहे. पंधराव्या वर्षी हाच हप्ता साडेचौतीस हजारांच्या पुढे गेलेला असतो. पगारही 10 टक्क्यांनी वाढत राहिला, तर त्यातला हप्त्याचा वाटा पहिल्यासारखा सुमारे 15 टक्केच राहतो. पगारवाढ सरासरी 6 टक्केच मिळाली, तर शेवटी पगाराचा चौथा हिस्सा हप्त्यात जातो. म्हणून वाढीचा दर आपल्या खऱ्या पगारवाढीपेक्षा थोडा कमी धरून सुरुवातीचा हप्ता जरा मोठा ठेवणे अधिक शहाणपणाचे.

वाढ मध्येच थांबली तर? याच उदाहरणात पाचव्या वर्षानंतर हप्ता तसाच ठेवला, तर शेवटी सुमारे 61 लाखच जमतात. तूट 18 लाखांच्या आसपास. ती लवकर दिसत नाही, कारण हप्ता नियमित जात असतो आणि खात्यातली रक्कमही वाढत असते. त्यामुळे वर्षातून एकदा जमा रक्कम मूळ आखणीतल्या त्या वर्षाच्या आकड्याशी ताडून पाहावी लागते. पगारवाढ चुकलेल्या वर्षी टॉप-अप चुकला, तर पुढच्या चांगल्या वर्षी जास्त वाढ करावी. सुरुवातीच्या वर्षांतले पैसे सर्वाधिक काळ वाढतात, म्हणून त्या काळातली भरपाई लवकर करणे बरे.

व्यवहारात अडचण येते ती बँकेच्या मॅन्डेटची. हप्ता कापण्यासाठी बँकेला दिलेल्या या परवानगीत कमाल रक्कम लिहिलेली असते. ती 10,000 असेल, तर 9,100 चा हप्ता दुसऱ्या वर्षी 10,010 झाल्याबरोबर मर्यादा ओलांडतो. मर्यादा म्हणूनच सुरुवातीलाच शेवटच्या वर्षाच्या हप्त्याएवढी लिहावी. टॉप-अपचा महिनाही पगारवाढ प्रत्यक्ष हाती पडल्यानंतरचा निवडावा. चालू एसआयपीला टॉप-अप जोडता येत नसेल, तर वाढीव रकमेची दुसरी एसआयपी त्याच योजनेत सुरू करता येते.