सरावाचे साठ चार्ट

पुण्यात मगरपट्टा किंवा हिंजवडीच्या एखाद्या ऑफिसात बी.फार्म., फिजिओथेरपी किंवा नर्सिंग शिकलेली मुलं अमेरिकेतल्या रुग्णांचे कागद वाचत बसलेली असतात. या कामाला मेडिकल कोडिंग म्हणतात. डॉक्टरांनी लिहिलेली नोंद वाचायची, तिच्यातला प्रत्येक आजार ठरलेल्या कोडमध्ये मांडायचा, आणि मग त्या कोडवर रुग्णालयाचं बिल विमा कंपनीकडे जातं. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून त्यासाठी आयसीडी-१०-सीएम नावाची यादी वापरतात. तिच्यात सुमारे सत्तर हजार कोड आहेत. कोड चुकला तर बिल परत येतं. नसलेला आजार लिहिला गेला, तर तो रुग्णाच्या नोंदीत राहतो आणि रुग्णालयावर खोट्या बिलाचा ठपका येऊ शकतो.

म्हणून नव्या मुलाला पहिल्या दिवशी खरा चार्ट देत नाहीत. त्याला आधी 'प्रॅक्टिस क्यू' मिळतो. स्क्रीन तीच, बटणं तीच, फक्त रांगेतले चार्ट जुने असतात आणि त्यांची उत्तरं आधीच ठरलेली असतात. नाव, पत्ता, जन्मतारीख, फोन असे ओळख पटवणारे सगळे तपशील त्यातून काढलेले असतात. मी काही वर्षं अशा रांगा लावायचं काम केलं. शिकवणारा किती हुशार आहे यापेक्षा रांगेत कोणता चार्ट कुठे ठेवला आहे, यावर नवं माणूस जास्त शिकतं, असं माझं तेव्हापासून ठाम मत आहे.

आमच्या रांगेत साठ चार्ट होते. त्यातला अकरावा मला अजून पाठ आहे. बासष्ट वर्षांच्या बाई, टाइप २ मधुमेह, रक्तदाब, किडनीचा जुनाट आजार तिसऱ्या टप्प्याचा 'अ' भाग, रोज इन्सुलिन. साताऱ्याहून आलेल्या एका मुलीने त्यावर असं लिहिलं होतं:

```
E11.9   N18.31   I10
```

म्हणजे साधा मधुमेह, किडनीचा आजार आणि साधा रक्तदाब, तिन्ही सुटे सुटे. चार्ट वाचून कुणालाही हेच सुचेल. अपेक्षित उत्तर मात्र वेगळं होतं:

```
E11.22   I12.9   N18.31   Z79.4
```

"मॅडम, पण मधुमेहामुळे किडनी बिघडली असं डॉक्टरांनी कुठेच लिहिलेलं नाही," ती म्हणाली. तिचं म्हणणं बरोबर होतं, डॉक्टरांनी तसं लिहिलं नव्हतं. पण या यादीच्या नियमांनुसार मधुमेह आणि किडनीचा जुनाट आजार एकाच रुग्णात असले, तर त्यांचा संबंध आहे असंच धरायचं. रक्तदाब आणि किडनीचंही तसंच. डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटलं, तरच ते सुटे लिहायचे. शेवटचा Z79.4 सांगतो की रुग्ण दीर्घकाळ इन्सुलिनवर आहे. तोही तिच्याकडून राहिला होता.

हा नियम तिने आदल्याच आठवड्यात वर्गात ऐकला होता, वहीत उतरवलाही होता. तरी चार्ट समोर आल्यावर तो आठवला नाही, कारण चार्टमध्ये 'इथे हा नियम लावा' असं लिहिलेलं नसतं. आपल्याला सुचलेलं उत्तर आणि खरं उत्तर एकाखाली एक दिसलं की तो नियम पक्का बसतो.

पण इथेच थांबलो तर नवा घोटाळा होतो. पुढच्या आठ-दहा चार्टांत मुलं मधुमेह आणि किडनी दिसली की डोळे मिटून E11.22 लिहू लागतात. म्हणून चोविसाव्या जागी मी अकराव्याचा जुळा ठेवला होता. आजार तेच, इन्सुलिन तेच. फक्त दुसऱ्या पानावर डॉक्टरांचं एक वाक्य जास्त: किडनीचा आजार आनुवंशिक आहे, त्याचा मधुमेहाशी किंवा रक्तदाबाशी संबंध नाही. इथे अकराव्यावर चुकीचे ठरलेले E11.9 आणि I10 बरोबर ठरतात. साताऱ्याची मुलगी इथेही चुकली. मग ती दोन्ही चार्ट शेजारी शेजारी उघडून बराच वेळ बघत बसली, आणि त्या दिवसापासून दुसरं पान वाचल्याशिवाय तिने एकही चार्ट सोडला नाही. जुळे चार्ट लागोपाठ ठेवले तर हे होत नाही, मुलं लगेच ओळखतात. मधे दहा-बारा साधे चार्ट गेलेच पाहिजेत.

साधे चार्ट मुद्दाम भरपूर ठेवावे लागतात. फक्त अवघड नमुन्यांची रांग लावली तर नवी मुलं साध्या सर्दीतही खोड शोधू लागतात. खऱ्या कामात बहुतेक चार्ट साधेच असतात.

रांग संपल्यावर गुण मोजतात. या धंद्यात ९५ टक्के अचूकता ही नेहमीची पायरी. पण नुसता आकडा फसवतो. एकदा दोन मुलांना सारखेच ९१ टक्के पडले. एकाच्या सगळ्या चुका राहून गेलेल्या कोडच्या होत्या: इन्सुलिन राहिलं, जुनी शस्त्रक्रिया राहिली. त्याला शेवटी एकदा औषधांची यादी वाचायची सवय लावली आणि आठवड्यात तो सुधारला. दुसऱ्याने नसलेले आजार लिहिले होते. ओपीडीच्या नोंदीत डॉक्टरांनी 'न्यूमोनियाची शक्यता' म्हटलं की तो थेट न्यूमोनियाचा कोड द्यायचा. ओपीडीत शक्यतेला कोड नसतो. तिथे खोकला आणि ताप एवढंच लिहायचं. दाखल रुग्णाच्या डिस्चार्जच्या वेळी तसं लिहिलं असेल तर मात्र आजार आहे असं धरून कोड देतात. त्याने वर्गात दाखल रुग्णांचा नियम आधी शिकला होता आणि तोच सगळीकडे लावला होता. त्याला मी आणखी वीस ओपीडी चार्ट दिले. गुण सारखे असूनही दोघांना एकाच दिवशी लाइव्हवर सोडणं चूक ठरलं असतं.

रांगेची उत्तरंही शिळी होतात. कोडची यादी दर १ ऑक्टोबरला बदलते. २०२० मध्ये किडनीच्या तिसऱ्या टप्प्याचा एकच कोड फुटून तीन झाले. २०२१ मध्ये खोकल्याचा R05 बंद झाला आणि त्याजागी R05.1 पासून R05.9 पर्यंतचे कोड आले. त्या वर्षी आम्ही उत्तरं बदलायला उशीर केला. एका मुलाने बरोबर R05.9 लिहिलं आणि सिस्टिमने ते तीनदा लाल केलं. चौथ्यांदा त्याने R05 लिहून हिरवा टिक मिळवला. बरोबर असलेल्या मुलाला आम्हीच चुकीचं शिकवलं होतं. तेव्हापासून सगळ्या बॅचकडून एकच चार्ट 'चुकला' तर मी आधी उत्तरपत्रिका तपासते.

एक गोष्ट मात्र रांगेत बसत नाही. सरावाचे चार्ट निवडलेले, वाचता येतील असे आणि पूर्ण असतात. खऱ्या रांगेत चाळीस पानांचं स्कॅन येतं. त्यात एका पानावर टप्पा तिसरा आणि दुसऱ्यावर चौथा असतो. सरावात प्रत्येक चार्टला उत्तर असतंच, म्हणून मुलं इथेही काहीतरी एक निवडून मोकळी होतात. हे कळल्यावर मी साठातले तीन चार्ट बदलले. त्यांचं बरोबर उत्तर कोड नव्हतंच, 'डॉक्टरांना विचारा' हे होतं. पहिल्या बॅचमध्ये एकानेही ते बटण दाबलं नाही.

लाइव्हवर गेल्यावरही सुरुवातीला नव्या मुलाचा प्रत्येक चार्ट बिल जाण्याआधी ऑडिटर पाहतो, आणि चुका थांबतील तसं ते प्रमाण कमी करतो. साताऱ्याच्या मुलीच्या पहिल्या दिवशी मी तिच्या मागे उभी होते. तिसऱ्या चार्टात मधुमेह होता, किडनी होती, टप्पा कुठेच नव्हता. तिने दुसरं पान पाहिलं, शेवटचं पाहिलं, मग प्रयोगशाळेचा रिपोर्ट उघडला. त्यातल्या आकड्यावरून टप्पा तिला सहज काढता आला असता, पण तो डॉक्टरांनीच लिहायला हवा. तिने चार्ट बाजूला ठेवला आणि डॉक्टरांसाठी प्रश्न टाइप करायला घेतला.