विश्लेषण : नोकरीसाठी नाव सुचवणाऱ्या सहकाऱ्याचे आभार कसे मानावेत?

सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी बदलताना जाहिरातीच्या आधी बातमी येते ती माणसांकडून. ‘आमच्याकडे जागा निघतेय, सीव्ही पाठव,’ असा जुन्या सहकाऱ्याचा मेसेज येतो, तो आपले नाव कंपनीत देतो आणि काही आठवड्यांत ऑफर लेटर हातात पडते. मग त्याला काय लिहायचे, हा प्रश्न येतो. नुसते ‘थँक्यू सर’ कोरडे वाटते, लांबलचक लिहिले तर खुशामत वाटते आणि ‘तुमच्यासाठी काय करू’ विचारले तर हिशेब वाटतो. हा अवघडलेपणा कुठून येतो आणि तो कसा टाळायचा?

रेफरलमध्ये सहकारी नेमके काय करतो?

खासगी कंपन्यांत रेफरलची पद्धत साधारण सारखीच असते. कर्मचारी उमेदवाराचा सीव्ही कंपनीच्या पोर्टलवर टाकतो किंवा एचआरला मेल करतो. अर्जासमोर त्याचे नाव नोंदले जाते. एचआर त्याला विचारते, ‘यांच्यासोबत तुम्ही काम केले आहे का? माणूस कसा आहे?’ त्याचे उत्तर हेच त्याचे खरे योगदान. पुढची चाचणी, मुलाखत आणि निवड त्याच्या हातात नसते.

त्याचे काय पणाला लागते, हेही पाहायला हवे. नवा माणूस दोन महिन्यांत सोडून गेला किंवा कामात कच्चा निघाला, तर ‘हा कुणी आणला होता?’ हा प्रश्न विचारला जातो. म्हणजे सहकाऱ्याने आपला वेळ आणि आपली पत, दोन्ही दिलेले असते. आभार मानायचे ते या दोन गोष्टींचे. निवड आपल्या कामावर झालेली असते.

सरकारी आस्थापनांत मात्र भरती जाहिरात आणि परीक्षेतून होते. तिथे कुणी जाहिरात निघाल्याचे कळवले किंवा अभ्यासाला पुस्तके दिली, तर आभार त्या मदतीचे मानावेत. ‘तुम्ही नोकरी लावलीत’ असे तिथे गमतीनेही लिहू नये.

आभार व्यवहारासारखे का वाटू लागतात?

एक कारण इतिहासात आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत कामगार भरती बराच काळ जॉबरच्या हातात होती. गावाकडची, ओळखीची माणसे तो कामावर लावायचा आणि त्या बदल्यात ‘दस्तुरी’ घ्यायचा. कामगारविषयक शाही आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर टीका केली. दस्तुरीचे दिवस गेले, पण ‘नोकरी लावली’ म्हणजे काहीतरी देणे लागते ही भावना भाषेत उरली. ‘वशिला’, ‘चिठ्ठी’, ‘शब्द टाकणे’ या शब्दांना अजूनही तोच वास आहे.

दुसरे कारण आजचे आहे. अनेक कंपन्या रेफरल देणाऱ्या कर्मचाऱ्याला बोनस देतात. तो बहुतेक ठिकाणी नवा माणूस ठरावीक काळ, म्हणजे तीन किंवा सहा महिने टिकल्यावर मिळतो. हे दोघांनाही माहीत असते, पण आभाराच्या संदेशात त्याचा उल्लेख आला की सगळी मदत बोनससाठी होती असा अर्थ निघतो. ‘चला, तुमचाही फायदा झाला’ हे वाक्य विनोदानेही नको.

तिसरे कारण ओळखीच्या स्वरूपात आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन शहरात नोकरी बदललेल्या लोकांचा अभ्यास केला. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी साधारण १७ टक्के लोकच त्या ओळखीच्या माणसाला वारंवार भेटत होते. निम्म्याहून अधिक जण अधूनमधून भेटणारे होते आणि उरलेल्यांची भेट क्वचितच व्हायची. म्हणजे मदत करणारा बहुधा रोजच्या बैठकीतला नसतो. अशा माणसाशी बोलणे नोकरीपुरतेच झाले आणि नंतर थांबले, तर ‘कामापुरते आठवलो’ असे त्याला वाटणारच.

एक उदाहरण : दोन संदेश

समजा, सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करणाऱ्या तरुणाला अंबडमध्ये नोकरी मिळाली. दोन वर्षांपूर्वी कंपनी सोडून गेलेल्या वरिष्ठ सहकाऱ्याने त्याचे नाव दिले होते. सीव्ही वाचून, ‘सीएमएम मशीनवरचे काम सगळ्यात वर घे,’ असेही त्यांनी सुचवले होते. निवड झाल्यावर तरुण लिहितो :

*‘सर खूप खूप धन्यवाद. तुमच्यामुळेच नोकरी लागली. तुमचे उपकार आयुष्यभर विसरणार नाही. कधीही काही काम असेल तर हक्काने सांगा. माझ्या मावसभावाचाही सीव्ही पाठवतोय, बघा जमलं तर.’*

भावना खरी असेल, पण संदेश चार ठिकाणी घसरतो. ‘तुमच्यामुळेच’ या शब्दाने निवडीची सगळी जबाबदारी सरांवर जाते. त्याचा स्क्रीनशॉट कुठे गेला, तर वशिल्याने भरती झाल्यासारखे दिसेल. ‘उपकार’ हा शब्द बरोबरीच्या नात्याला देणेकऱ्याचे रूप देतो. ‘काही काम असेल तर सांगा’ म्हणजे परतफेडीची तयारी. आणि मावसभावाच्या सीव्हीमुळे आधीची चार वाक्ये नव्या मागणीची प्रस्तावना ठरतात. मावसभावाची गरज खरी असली तरी तिच्यासाठी वेगळा दिवस आणि वेगळा संदेश हवा, शक्यतो आपण तिथे रुजू होऊन स्थिरावल्यानंतर.

तोच संदेश असाही लिहिता येतो :

*‘सर, आत्ताच एचआरचा फोन आला, निवड झाली. घरी सांगितलं आणि लगेच तुम्हाला कळवतोय. सीएमएमचं काम मी सीव्हीत शेवटच्या ओळीत टाकलं होतं. तुम्ही ते वर घ्यायला लावलंत आणि मुलाखतीत पहिले प्रश्न त्यावरच आले. सेकंड शिफ्ट करून आल्यावर रात्री बसून तुम्ही तो सीव्ही वाचलात, हे माझ्या लक्षात आहे. ३ तारखेला जॉइन होतोय. मनापासून आभार.’*

इथे ‘खूप खूप’ नाही, तरी ऊब जास्त आहे. त्यांनी नेमके काय केले आणि त्याचा काय उपयोग झाला ते एका वाक्यात आहे आणि त्यासाठी त्यांनी काय खर्च केले ते दुसऱ्यात. शेवटी मागणी नाही, वचन नाही. हा संदेश दुसऱ्या कुणाला जसाच्या तसा पाठवता येणार नाही. तो मनापासून लिहिला आहे, हे ओळखण्याची सोपी खूण हीच. नाव बदलून चार जणांना फॉरवर्ड करता येईल असा संदेश सण-समारंभाच्या शुभेच्छांसारखाच वाचला जातो.

जवळच्या माणसाला ‘आभार’ म्हणणे परके वाटते, मग?

मराठीत ही अडचण खरी आहे. ज्याच्यासोबत डबा खाल्ला त्याला ‘आपले आभारी आहोत’ लिहिले, तर ‘एवढं परकं केलंस का?’ असे उत्तर येते. अशा वेळी शब्द सोडावा, तपशील ठेवावा. ‘दादा, तू त्या दिवशी फोन केला नसतास तर मी अर्जच केला नसता’ हे वाक्य आभार हा शब्द न वापरताही पुरेसे बोलते. वरिष्ठांशी ‘तुम्ही’ आणि रोजचे ‘सर’, ‘मॅडम’ किंवा ‘ताई’ कायम ठेवावे. एरवी ‘ए भाऊ’ म्हणणाऱ्याने एकदम ‘आदरणीय’ लिहिले, तर संदेश दुसऱ्याने लिहून दिल्यासारखा वाटतो.

अवघडल्यासारखे होईल म्हणून न लिहिणे हा मात्र चुकीचा अंदाज ठरतो. मानसशास्त्रज्ञ अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना कृतज्ञतेची पत्रे लिहायला सांगितली. पत्र मिळणाऱ्याला ते किती अवघड वाटेल याचा अंदाज लिहिणाऱ्यांनी जास्त धरला होता आणि त्याला होणारा आनंद कमी धरला होता.

आभार केव्हा मानायचे?

पहिला संदेश नाव दिल्याच्या दिवशीच, निकालाची वाट न पाहता जावा. त्यात दोनच ओळी पुरतात : वेळ काढल्याबद्दल आभार आणि पुढे काय झाले ते कळवतो. या टप्प्यावर ‘काही कळलं का?’ असे रोज विचारू नये. ती माहिती एचआरकडे असते.

दुसरा संदेश निकालाच्या दिवशी. सहकाऱ्याला आपल्या निवडीची बातमी कॅन्टीनमध्ये तिसऱ्याकडून कळली, तर नंतरचे कितीही गोड शब्द उशिराचेच ठरतात. लिंक्डइनवर त्यांचे नाव टॅग करण्याआधी विचारावे. त्यांच्याकडे इतरांनीही शब्द टाकण्याची विनंती केलेली असू शकते आणि जाहीर पोस्टनंतर अनोळखी सीव्हींची रांग लागते.

तिसरा संदेश रुजू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी जावा. तो बहुतेक जण विसरतात. ‘ट्रेनिंग संपलं, आता स्वतंत्र लाइन बघतोय’ एवढी बातमी पुरे. ज्याने आपली पत लावली त्याला ती वाया गेली नाही हे यातूनच कळते.

पेढे चालतील, पाकीट नको

नोकरीचे पेढे देणे ही आपली रीतच आहे आणि त्यात कुणाला हिशेब दिसत नाही, कारण पेढे शेजाऱ्यांनाही मिळतात. सोबत चहा किंवा एखादी मिसळ झाली तरी छान. महागडी वस्तू, गिफ्ट कार्ड किंवा पहिल्या पगारातले पाकीट मात्र टाळावे. कर्मचाऱ्यांनी भेटवस्तू घेण्यावर अनेक कंपन्यांचे नियम असतात आणि भरतीशी जोडलेली भेट सहकाऱ्यालाच अडचणीत आणू शकते.

निवड झाली नाही तर?

तरीही आभार मानावेतच, कारण सहकाऱ्याने आपले काम केलेले असते. ‘ताई, या वेळी झालं नाही. पण तुम्ही विश्वासाने नाव दिलंत, ते मोलाचं आहे. ड्रॉइंग वाचण्यात कमी पडलो, त्यावर आता काम करतोय,’ असा संदेश त्यांना संकोचातून सोडवतो. नाव देऊनही निवड न झाल्याचे ओझे त्यांनाही वाटत असते. ‘पुढच्या वेळी परत बघा’ हे त्यात जोडू नये. जागा निघाली की आठवण ठेवायची की नाही, हे त्यांच्यावर सोडावे.