कानाला दडे बसतात, पण दोष नाकामागचा

सर्दी उतरणीला लागलेली असते. नाक जरा मोकळं झालेलं असतं, तापही गेलेला असतो, आणि नेमका तेव्हाच एक कान गच्च होतो. स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, समोरच्याचं बोलणं लांबून आल्यासारखं वाटतं. घरात पहिला उपाय ठरलेला असतो: कानात कोमट तेल. तेलाने भागलं नाही तर काडी. दोन्हींचा उपयोग शून्य, कारण जे बिनसलंय ते पडद्याच्या पलीकडे आहे. तिथे कानाच्या भोकातून घातलेलं तेल पोचत नाही. तिथे जायची वाट नाकाच्या मागून जाते.

कानाच्या पडद्यामागे हवेने भरलेली एक छोटी पोकळी असते. तिला मध्यकर्ण म्हणतात. पडदा मोकळेपणाने थरथरायचा असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना हवेचा दाब सारखा लागतो. बाहेरच्या बाजूला वातावरण आहेच. आतल्या बाजूला हवा पुरवणारी एकच वाट आहे: मध्यकर्णापासून नाकाच्या मागे, टाळूच्या वर उघडणारी, प्रौढ माणसात साधारण साडेतीन सेंटिमीटर लांबीची नळी. बार्तोलोमेओ युस्टाकी या सोळाव्या शतकातल्या इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञाने तिचं नीट वर्णन केलं, म्हणून ती युस्टेशियन नलिका.

ही नळी एरवी बंदच असते. कानाकडचा तिचा एक तृतीयांश भाग हाडात आहे आणि तो उघडाच असतो. नाकाकडचा दोन तृतीयांश भाग मात्र कूर्चेचा आणि अस्तराचा असून त्याच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात. आपण आवंढा गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा टाळूचा एक स्नायू या भिंतीला ओढ देतो आणि नळी अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ उघडते. तेवढ्यात चिमूटभर हवा आत जाते. आता एकदा आवंढा गिळून पाहा. कानात जो बारीकसा 'टक्' आवाज येतो, तो या नळीचा.

एवढ्याशा हवेची सारखी गरज का पडते? मध्यकर्णाचं अस्तर आतली हवा हळूहळू शोषून रक्तात सोडत असतं. ही गळती कधी थांबत नाही, म्हणून भरणाही थांबून चालत नाही. नळी वेळेवर उघडली नाही की आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि पडदा आत ओढला जातो. ताणलेला पडदा नीट थरथरत नाही, म्हणून ऐकू कमी येतं आणि कान भरल्यासारखा वाटतो. हा कमी दाब बरेच दिवस राहिला तर अस्तरातून पाणी झिरपतं आणि पोकळीत हवेच्या जागी द्रव साठतो.

सर्दीत बिघडतं ते नेमकं इथेच. नाकाचं अस्तर आणि नळीचं अस्तर सलग आहे. विषाणूमुळे नाक सुजलं की नळीचं तोंडही सुजतं. स्नायू आपलं काम करतो, पण सुजलेल्या, चिकट शेंबडाने माखलेल्या भिंती सुटत नाहीत. नाकाच्या पुढच्या भागाची सूज उतरली तरी नळीतली मागे रेंगाळू शकते, म्हणून कान सर्दीच्या शेवटी बसतो. अ‍ॅलर्जीतही हेच होतं, फक्त सुटका होत नाही. सर्दीचा विषाणू आठ-दहा दिवसांत जातो, गादी-उशीतल्या धुळीतले माइट, भिंतीवरची बुरशी किंवा परागकण रोज भेटत राहतात. सूज अधूनमधून कमी होते, पुरती उतरत नाही. त्यात नाक सारखं वर ओढायची सवय असेल तर भर पडते, कारण त्या ओढीने नाकामागचा दाब कमी होतो आणि मध्यकर्णातली उरलीसुरली हवाही बाहेर खेचली जाऊ शकते.

या नळीची खरी परीक्षा विमानात होते. समजा, सर्दीच्या तिसऱ्या दिवशी एक जण दिल्लीहून मुंबईला निघाला आहे. विमान वर गेल्यावर केबिनमधला हवेचा दाब साधारण दोन ते अडीच हजार मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवतात, म्हणजे समुद्रसपाटीच्या जवळजवळ तीन चतुर्थांश. चढताना त्याला काहीच त्रास होत नाही. बाहेरचा दाब कमी होतो, मध्यकर्णातली हवा प्रसरण पावते आणि नळीच्या भिंती ढकलून निघून जाते. फुग्याचं तोंड सैल केलं की हवा आपोआप बाहेर येते, भरताना मात्र फुंकावं लागतं, तसंच हे आहे. उतरताना केबिनचा दाब अर्ध्या तासात पुन्हा समुद्रसपाटीच्या दाबाकडे जाऊ लागतो. आता हवा आत यायला हवी आणि ती स्नायूने नळी उघडल्याशिवाय येत नाही.

आपला प्रवासी झोपलेला आहे आणि झोपेत माणूस फार कमी गिळतो. आतला आणि बाहेरचा फरक वाढत जातो. तो पाऱ्याच्या 60 मिलिमीटरच्या आसपास गेला की कान चांगलाच दुखू लागतो. सुमारे 90 मिलिमीटरला नळीच्या भिंती एकमेकींवर इतक्या घट्ट दाबल्या जातात की कितीही गिळलं तरी स्नायूला त्या सोडवता येत नाहीत. दुखून जाग आल्यावर केलेले उपाय पुष्कळदा फसतात ते याचमुळे. खंडाळ्याचा घाट उतरतानाही कान बसतात, पण तिथे पूर्ण उताराचा फरक 50 मिलिमीटरच्या जवळपास असतो, म्हणून दोन-तीनदा गिळलं की कान सुटतो.

तेव्हा जे करायचं ते दुखायच्या आधी. शक्य असेल तर भर सर्दीत विमानप्रवास टाळावा. जमत नसेल तर विमान उतरायला लागण्याच्या साधारण अर्धा तास आधी झायलोमेटाझोलिनसारखा नाक मोकळं करणारा स्प्रे मारावा. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. उतरताना जागं राहावं, गोळी चघळावी, घोटघोट पाणी प्यावं. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकण्याची युक्ती अंतोनिओ वाल्साल्वा यांच्या नावाने ओळखली जाते. ती उतार सुरू होताच, दर थोड्या वेळाने करावी. जोर लावू नये, कारण जोराने आतल्या कानाला इजा होऊ शकते. नाक धरून नुसतं गिळणं त्यापेक्षा सौम्य. तान्ह्या बाळाला त्या वेळी दूध पाजावं.

विमानातून उतरल्यावरही कान बसलेलाच राहिला तर? बहुतेकांचा काही दिवसांत सुटतो. पाणी साठलं असेल तर काही आठवडे लागतात. कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बिणीतून पाहतात तेव्हा आत ओढला गेलेला पडदा आणि कधी त्यामागचं मधाच्या रंगाचं पाणी, त्यातले बुडबुडेही दिसतात. शंका असेल तर टिंपॅनोमेट्री करतात. कानात मऊ बूच बसवून दाब कमी-जास्त करत पडदा किती हलतो ते यंत्र मोजतं. निरोगी कानाच्या आलेखात मधोमध टोक येतं, आत हवा कमी असेल तर टोक एका बाजूला सरकतं, पाणी असेल तर रेघ सपाट येते.

उपचार कानावर नाही, नाकावर करायचा असतो, पण औषधांच्या मर्यादाही माहीत हव्यात. नाक मोकळं करणारे स्प्रे तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरले तर त्यांच्यामुळेच नाक चोंदू लागतं. अ‍ॅलर्जी असेल तर स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे उपयोगी पडतो, मात्र तो रोज, काही आठवडे घ्यावा लागतो. मारताना मान किंचित पुढे झुकवावी, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत, नळीचं तोंड बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याच्या दिशेने ठेवून. मधल्या पडद्यावर मारला तर रक्त येतं. अ‍ॅलर्जी नसेल तर नुसत्या बसलेल्या कानाला या स्प्रेने फारसा फायदा होत नाही.

लहान मुलांची नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते, शिवाय तिच्या तोंडाशी अ‍ॅडिनॉइडची गाठ वाढलेली असू शकते. म्हणून त्यांच्या कानात पाणी साठणं फार सामान्य आहे. कान दुखत नाही, पण मूल टीव्हीचा आवाज वाढवतं, हाक मारली तरी ओ देत नाही. या पाण्यावर सर्दीच्या गोळ्या चालत नाहीत. बहुतेक मुलांचं ते तीन महिन्यांत आपोआप ओसरतं. त्यानंतरही दोन्ही कानांनी कमी ऐकू येत असेल तर पडद्यात ग्रोमेट नावाची बारीक नळी बसवतात. ती हवा आत सोडते आणि बहुधा वर्षभरात आपसूक गळून पडते. प्रौढांमध्ये महिनोन्महिने कान बसत असेल, तर नळीतच फुगा घालून ती रुंदावण्याची शस्त्रक्रिया निवडक रुग्णांवर करतात.

दोन प्रसंगी मात्र थांबायचं नाही. सर्दी नसताना प्रौढ माणसाच्या एकाच कानात पाणी साठून राहत असेल, तर नाकामागची जागा दुर्बिणीने पाहून घ्यावी, कारण क्वचित तिथली गाठ नळीचं तोंड दाबत असते. दुसरा प्रसंग एकाच कानाने अचानक, काही तासांत ऐकू येईनासं होण्याचा. लोक तो सर्दीचा दडा समजून आठवडे घालवतात, पण तो ऐकण्याच्या नसेचा आजारही असू शकतो. घरच्या घरी एक खूण पाहता येते. ओठ मिटून 'हूं' करा. बसलेल्या कानात आवाज मोठा येत असेल तर बिघाड बहुधा पडद्याच्या बाजूचा. चांगल्या कानात मोठा येत असेल तर नसेची शंका घ्यावी. ही खूण निदान नव्हे, ते डॉक्टर नादकाट्याने आणि श्रवणचाचणीने करतात. पण खूण काहीही सांगो, अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जा. नसेच्या बहिरेपणावर स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केला तरच होण्याची चांगली शक्यता असते.