सोडल्याची वेळ

‘पेशंट हिंसक झाल्याने बांधून ठेवला.’ वॉर्डाच्या कागदांत हे वाक्य मी अनेकदा वाचले आहे, आणि नर्सिंगच्या पहिल्या वर्षांत स्वतःही लिहिले आहे. पेशंटने नेमके काय केले, आधी काय करून पाहिले, आणि त्याला सोडले कधी, यातले काहीच त्यातून कळत नाही.

2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम 97 याबाबतीत स्पष्ट आहे. पेशंटला किंवा इतरांना तत्काळ इजा होणार असेल आणि ती टाळायला दुसरा मार्गच नसेल, तरच बांधायचे, आणि तेही उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने. पद्धत, कारण आणि कालावधी लगेच लिहायचा. शिक्षा म्हणून बांधायचे नाही, माणसे कमी आहेत म्हणूनही नाही. साखळदंडांना तर याच कायद्याने बंदी आहे. तामिळनाडूतल्या एरवाडीला 2001च्या ऑगस्टमध्ये आग लागली, तेव्हा साखळ्यांनी जखडलेल्या 28 मनोरुग्णांना पळताच आले नव्हते.

चांगली नोंद कशी असते, ते एका रात्रीवरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मानसोपचार वॉर्डात पन्नाशीतले एक गृहस्थ होते. रोजची दारू बंद होऊन तिसरा दिवस होता. रात्री 1:10ला ते अंगावर मुंग्या चढताहेत म्हणून ओरडू लागले, सलाईनची सुई उपटली आणि खिडकीच्या काचेवर दोनदा डोके आपटले. कागदावर ‘हिंसक’ हा शब्द नव्हता, हे जसेच्या तसे होते. वाचणाऱ्याला धोका दिसला पाहिजे, आपले मत नव्हे.

मग उपाय, प्रत्येकापुढे वेळ आणि परिणाम. दिवा लावला, बायकोला जवळ बसवले, एकच सिस्टर बोलत राहिली. फरक नाही. रक्तातली साखर 118, ऑक्सिजन 97 टक्के. लघवी तुंबली आहे का, तेही पाहिले, कारण भरलेल्या मूत्राशयाने भ्रमातला माणूस जास्तच बेभान होतो आणि तो मोकळा केला की बांधायची वेळच येत नाही. 1:20ला डॉक्टरांच्या आदेशाने लोराझेपॅमचे इंजेक्शन दिले. 1:35ला पुन्हा खिडकीकडे धाव. 1:40ला मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने दोन्ही मनगटांना मऊ, अस्तर लावलेले पट्टे बांधले. पाय मोकळे ठेवले. पेशंट उताणा, डोक्याकडची बाजू उचललेली. पालथे बांधले तर श्वास कोंडतो. पट्टा खाटेच्या मुख्य सांगाड्याला बांधला, बाजूच्या कठड्याला नाही, कारण कठडा खाली केला की हात हिसकला जातो. गाठ एका ओढीत सुटणारी.

यानंतर आम्ही दर पंधरा मिनिटांनी बोटांचा रंग, ऊब आणि श्वास पाहत होतो. श्वास विशेषकरून, कारण अंगात औषध गेलेले होते. पट्ट्याखाली दोन बोटे शिरतात का, तेही. 2:25च्या नोंदीत आहे: ‘उजवी बोटे गार, नख दाबून सोडल्यावर रंग उशिरा परतला, पट्टा सैल केला.’ 2:30: ‘बोटे ऊबदार.’ साध्या गॉजच्या पट्टीने बांधले असते, तर ओढाताणीत ती दोरीसारखी आवळली असती.

कागद खोटा असेल तर तोही कळतो. सगळ्या वेळा काटेकोर पंधरा मिनिटांच्या, अक्षर एका बैठकीतले, प्रत्येक ओळीत ‘ठीक’. मी एका ठिकाणी पहाटे 5:40ला 6:00ची नोंद भरलेली पाहिली आहे. त्याहून मला अस्वस्थ करते ती सलग चार तास ‘पेशंट झोपला आहे’ अशी नोंद, आणि हात मात्र बांधलेलेच. तो झोपला तेव्हाच बांधण्याचे कारण संपले होते.

आमच्या पेशंटने 3:05ला बायकोला नावाने हाक मारली, पाणी मागितले, सांगितल्यावर हात स्थिर ठेवला. 3:10ला डावा हात सोडला. दहा मिनिटे थांबून उजवा. मनगटांवर लालसर वळ, कातडी शाबूत, बोटे नीट हलताहेत, हेही लिहिले. नामनिर्देशित प्रतिनिधीला 24 तासांत कळवावे लागते; इथे ती बायकोच होती, म्हणून तिला तेव्हाच सांगून वेळ टाकली. महिन्याच्या अहवालातही हा प्रसंग मंडळाकडे जातो.

दोन दिवसांनी गृहस्थ भानावर आले. मनगटावरचा वळ चोळत त्यांनी विचारले, “सिस्टर, मला रात्रभर बांधलं होतं का?”

मी कागद त्यांच्यासमोर धरला. “नाही दादा. एक चाळीसपासून तीन वीसपर्यंत.”