जुळ्या प्रोसेस, एकच मेमरी

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये `ls > yadi.txt` असं टाइप करून एंटर दाबलं, की त्या फोल्डरमधल्या फाइलींची नावं पडद्यावर न येता `yadi.txt` या फाइलीत जाऊन बसतात. `ls` हा डिस्कवर पडून असलेला एक स्वतंत्र प्रोग्राम आहे. तो चालवायचा तर त्याच्यासाठी नवी प्रोसेस हवी. प्रोसेस म्हणजे चालू असलेला प्रोग्राम आणि त्याच्यासोबतचा सगळा पसारा: त्याची मेमरी, त्याने उघडलेल्या फाइली, तो कोणत्या फोल्डरमध्ये आहे ती नोंद. आपल्या आज्ञा वाचणारा शेल कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, थेट ‘ls चालू कर’ असं सांगत असेल, असं कुणालाही वाटेल. युनिक्सच्या घराण्यात वाट वेगळी आहे. शेल आधी स्वतःचीच हुबेहूब नक्कल करून घेतो आणि मग ती नक्कल स्वतःला पुसून `ls` होते. पहिल्या पायरीला फोर्क म्हणतात, दुसरीला एक्झेक.

फोर्कला हाक एकदाच मारली जाते, पण उत्तर दोन ठिकाणी मिळतं. मूळ प्रोसेसला नव्या प्रोसेसचा क्रमांक मिळतो आणि नव्या प्रोसेसला शून्य. आपण कोण आहोत, हे दोघींना एवढ्यावरूनच कळतं. त्यांचा कोड एक, मेमरीतला मजकूर एक, पुढची ओळही एकच. शेल साधारण असं करतो:

```c
pid = fork();
if (pid == 0) {
    fd = open("yadi.txt", O_WRONLY|O_CREAT|O_TRUNC, 0644);
    dup2(fd, 1);
    execlp("ls", "ls", NULL);
    _exit(127);
}
waitpid(pid, NULL, 0);
```

या रचनेचं सगळं सौंदर्य फोर्क आणि एक्झेक यांच्या मधल्या दोन ओळींत आहे. तिथे नवी प्रोसेस जन्मलेली आहे, पण अजून शेलचाच कोड चालवते आहे. ती फाइल उघडते आणि १ क्रमांकाच्या आउटपुटला, म्हणजे एरवी पडद्याकडे जाणाऱ्या वाटेला, त्या फाइलीकडे वळवते. नंतर एक्झेक येतो. तो मेमरीतला शेल काढून टाकतो आणि `ls` भरतो, पण प्रोसेसचा क्रमांक आणि उघड्या फाइली तशाच ठेवतो. `ls` नेहमीसारखा १ क्रमांकावर लिहीत राहतो. आपण फाइलीत लिहितोय की पडद्यावर, याचा विचार त्याच्या कामाला करावाच लागत नाही. मूळ शेलचं आउटपुट मात्र जागच्या जागी राहतं. ‘नवा प्रोग्राम चालू कर’ अशी एकच आज्ञा असती, तर ही सगळी तयारी तिच्यात आधीच कोंबून सांगावी लागली असती.

ही कल्पना युनिक्सच्या आधीची आहे, बर्कलीच्या टाइम-शेअरिंग सिस्टिममध्ये ती होती. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या छोट्या मशीनवर युनिक्स उभं केलं, तेव्हा त्यात फोर्क आला तो असेंब्लीच्या अवघ्या २७ ओळींत. त्या मशीनच्या मेमरीत एका वेळी एकच प्रोसेस राही, बाकीच्या डिस्कवर. चालू प्रोसेस डिस्कवर उतरवण्याची सोय होतीच. तीच वापरून एक प्रत डिस्कवर ठेवायची आणि मेमरीतली पुढे चालवायची, की फोर्क झाला. पण लगेच एक अडचण उभी राहिली. फोल्डर बदलण्याची आज्ञा चालेना. ती आता नव्या प्रोसेसमध्ये चालायची, त्या प्रोसेसचा फोल्डर बदलायची आणि संपून जायची; शेल होता तिथेच. म्हणून ती आज्ञा शेलच्या पोटात घ्यावी लागली. आजही `cd` शेलमध्येच असते, ती याच कारणाने.

पुढे प्रोग्राम मोठे झाले आणि नक्कल महाग पडू लागली. काही मेगाबाइट मेमरी कॉपी करायची आणि दोन ओळींनंतर एक्झेकने ती फेकून द्यायची, हा उघड तोटा होता. १९७९च्या ३बीएसडीमध्ये व्हीफोर्क नावाची पळवाट निघाली: काहीच कॉपी करायचं नाही, नव्या प्रोसेसने मूळचीच मेमरी उसनी वापरायची आणि तिचा एक्झेक होईपर्यंत मूळ प्रोसेसने थांबायचं. वेग मिळाला, पण नव्या प्रोसेसने चुकून एखादी किंमत बदलली तर ती मूळ प्रोसेसमध्येही बदले.

खरं उत्तर म्हणजे कॉपी-ऑन-राइट. दोन विद्यार्थ्यांनी एकच पुस्तक वापरावं आणि कुणाला एखाद्या पानावर लिहायचं असेल तेव्हा फक्त त्या पानाची झेरॉक्स काढावी, तसं. मेमरीही पेजमध्ये विभागलेली असते, एक पेज बहुधा ४ किलोबाइटचं. कोणतं पेज प्रत्यक्ष मेमरीत कुठे आहे, याची नोंद प्रत्येक प्रोसेसच्या पेज टेबलमध्ये असते. फोर्कच्या वेळी कर्नल पेजना हात न लावता हे टेबल कॉपी करतो आणि लिहिता येणारी पेजं दोन्ही टेबलांत ‘फक्त वाचनासाठी’ करून ठेवतो. दोघींपैकी कुणी लिहायला गेलं की प्रोसेसर अडवतो आणि कर्नलला बोलावतो. इथे लिहायला मुळात परवानगी होती, पण पेज सामायिक आहे, हे कर्नल ताडतो. मग तो नवं पेज घेऊन मजकूर उतरवतो, लिहिणारीच्या टेबलमधली नोंद बदलतो आणि अडलेली सूचना पुन्हा चालवतो. प्रोग्रामला यातलं काही कळत नाही. शेलच्या नव्या प्रोसेसने एक्झेकपूर्वी मोजकीच पेजं बदललेली असतात, त्यामुळे कॉपीही तेवढीच होते.

किती फरक पडतो, हे रेडिस या डेटाबेसवरून नीट दिसतं. इटलीच्या साल्व्हातोरे सानफिलिप्पो यांनी तो २००९मध्ये आणला. रेडिस सगळा डेटा मेमरीत ठेवतो आणि डिस्कवर त्याची प्रत घेताना फोर्क करतो. इथे एक्झेक नाहीच. नवी प्रोसेस फोर्कच्या क्षणीचा डेटा शांतपणे लिहीत बसते आणि मूळ प्रोसेस ग्राहकांना उत्तरं देत राहते. समजा, डेटा २४ गिगाबाइट आहे. ४ किलोबाइटच्या हिशेबाने सुमारे ६३ लाख पेजं झाली. टेबलमधली एक नोंद ८ बाइटची, म्हणजे कॉपी करायचे ते ४८ मेगाबाइट. २४ गिगाबाइटचा ५१२वा भाग.

पण ४८ मेगाबाइट म्हणजे शून्य नव्हे. तेवढं टेबल तयार होईपर्यंत मूळ प्रोसेस थांबलेली असते आणि ग्राहकही. रेडिसमध्ये `INFO` आज्ञा दिली की `latest_fork_usec` या नावापुढे हा वेळ मायक्रोसेकंदांत दिसतो. दुसरा खर्च नंतर येतो. प्रत लिहिली जात असताना ग्राहकांनी डेटाची जितकी पेजं बदलली, तितकी दुप्पट होतात. सगळीच बदलली, तर मेमरीही जवळपास दुप्पट लागते. `rdb_last_cow_size` हा आकडा ते सांगतो. त्यातच लिनक्सने मेमरी २ मेगाबाइटच्या मोठ्या पेजमध्ये दिलेली असेल, तर काही बाइट बदलण्यासाठी २ मेगाबाइट कॉपी होऊ शकतात. म्हणून रेडिसचे जाणकार ही सोय बंद ठेवायला सांगतात.

कधी कधी तर फोर्कच होत नाही. लॉगमध्ये ओळ दिसते: `Can't save in background: fork: Cannot allocate memory`. मशीनमध्ये ३२ गिगाबाइट आहेत, वापरात २४ आहेत आणि कर्नल हिशेबाला कडक आहे, तर तो म्हणतो, उद्या दोघींनी सगळं लिहिलं तर ४८ कुठून आणू? ही भीती बहुधा खरी ठरत नाही, म्हणून `vm.overcommit_memory` ही सेटिंग १ करतात. मग कर्नल नकार देत नाही. मात्र खरोखरच सगळी पेजं बदलली गेली आणि मेमरी संपली, तर तो काही न विचारता एखादी प्रोसेस मारून टाकतो आणि ती बहुतेक वेळा सर्वांत जास्त मेमरी वापरणारी, म्हणजे रेडिसच असते. त्यामुळे ती सेटिंग बदलण्याआधी `rdb_last_cow_size` सर्वाधिक गर्दीच्या वेळी किती येतो ते पाहावं आणि मशीनमध्ये तेवढी जागा मोकळी ठेवावी.